लोखंडाचा गंज व जस्ताचा मुलामा

कुंपणाचा जुना लोखंडी खांब उपटून पाहिला असतां एक गोष्ट ध्यानांत येते. उन्हापावसांत उघडा उभा असलेला त्याचा वरचा भाग तांबूस झालेला असला तरी बहुधा मजबूत असतो. परंतु जमिनीलगत व तिच्या किंचित् खालीं, जेथें ओल टिकते आणि वारा कमी पोंचतो, तेथें तो कुरतडल्यासारखा बारीक झालेला आढळतो. हवेनें लोखंड खाणें म्हणजे गंज, एवढेंच जर खरें असतें तर जेथें हवा अधिक तेथें खांब अधिक झिजावयास पाहिजे होता. प्रत्यक्षांत उलट घडतें. याचा उलगडा झाला म्हणजे गोठ्यावरील पांढरा पत्रा आंतल्या लोखंडाचें रक्षण कसें करतो हेंही सहज समजेल.

केंब्रिज येथील शास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनीं हा प्रश्न मिठाच्या पाण्याच्या एका थेंबावर सोडवून दाखविला. असा थेंब घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर ठेवला म्हणजे कडेला पाण्याचा थर पातळ असल्यामुळें हवेंतील प्राणवायु तेथें लौकर पोंचतो. मध्यभागीं तो कमी पोंचतो. लोखंड विरघळूं लागतें तें या मध्यभागीं. विरघळतांना लोखंडाचा प्रत्येक अणु आपणांजवळील दोन विद्युत्कण मागें ठेवून पाण्यांत उतरतो. हे विद्युत्कण पाण्यांतून जात नाहींत. ते लोखंडांतूनच थेंबाच्या कडेकडे जातात, आणि तेथें पाणी व प्राणवायु त्यांचें ग्रहण करून एक क्षारधर्मी द्रव्य तयार करतात. मधून आलेलें लोखंड व कडेचें हें द्रव्य यांची गांठ वाटेंत पडते, आणखी प्राणवायु मिळतो, व तांबडा गंज तेथें सांचतो. म्हणजे लोखंड झिजतें एके ठिकाणीं, प्राणवायु खर्ची पडतो दुसऱ्या ठिकाणीं, आणि गंज दिसतो तिसऱ्याच ठिकाणीं. हा एक लहानसा विजेचा घटच होय. त्याचें वर्तुळ पुरें होण्यास एका बाजूनें धातु व दुसऱ्या बाजूनें पाणी लागतें. पाण्यांत मीठ असलें कीं वीज सुलभ वाहते, म्हणूनच कोंकणच्या किनाऱ्यावर खिळा जितका लौकर सडतो तितका देशावर सडत नाहीं. कुंपणाच्या खांबाचेंही असेंच आहे. वरचा हवेशीर भाग थेंबाच्या कडेसारखा, व मातींत दबलेला भाग थेंबाच्या मध्यासारखा.

आतां या घटांत दुसरी धातु आणली तर काय होतें तें घरीं पाहतां येईल. बिनमुलाम्याचे तीन खिळे कांचकागदानें घासून घ्यावे. एक तसाच ठेवावा, दुसऱ्यास तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळावी, व तिसऱ्यास जस्ताची पट्टी घासून आवळून बांधावी. विजेरीच्या साध्या, स्वस्त सेलचें बाहेरील भांडें जस्ताचेंच असतें. तें कापून आंतील काळी भुकटी धुऊन टाकली कीं पट्टी मिळते. (अल्कलाइन म्हणून विकले जाणारे सेल घेऊं नयेत, त्यांचें भांडें पोलादाचें असतें, व आंतील द्रव हातास भाजतो.) तीन पेल्यांत पाणी घेऊन प्रत्येकांत चमचाभर मीठ विरघळवावें आणि एकेक खिळा सोडावा. दोनतीन दिवसांत साध्या खिळ्याखालीं तांबडा गाळ बसतो; तांब्याच्या खिळ्याखालीं तो अधिक बसतो; जस्ताचा खिळा मात्र स्वच्छ राहतो, आणि त्याच्या पेल्यांत पांढरा कापसासारखा सांका दिसतो. तो विरघळलेल्या जस्ताचा होय.

याचें कारण असें कीं विद्युत्कण सोडून देण्याची प्रवृत्ति सर्व धातूंत सारखी नसते. जस्तांत ती लोखंडापेक्षां अधिक आहे, तांब्यांत कमी. दोन धातू एकमेकींस टेकलेल्या असून एकाच पाण्यांत भिजत असल्या तर जिची प्रवृत्ति अधिक ती झिजते व दुसरी वांचते. जस्त आपले विद्युत्कण लोखंडास पुरवीत असतें तोंवर लोखंडास स्वतःचे सोडण्याचें कारण उरत नाहीं. इंग्लंडांत हंफ्री डेव्ही यांनीं १८२४ सालीं जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा याच युक्तीनें, जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून, खाऱ्या पाण्यापासून वांचवून दाखविला. पुढें १८३७ सालीं फ्रान्समध्यें सोरेल यांनीं लोखंड वितळलेल्या जस्तांत बुडविण्याच्या कृतीचा हक्क नोंदविला. आपल्या गोठ्यावरचे पत्रे याच कृतीच्या कुळांतले.

येथें कथिलाचा मुलामा व जस्ताचा मुलामा यांतील भेद ओळखला पाहिजे. तेलाच्या डब्याच्या पत्र्यावर कथील असतें. तें अखंड असतांना उत्तम. परंतु ओरखडा पडून आंतील लोखंड उघडें झालें व पाणी लागलें कीं कथील तांब्याच्या बाजूस जातें आणि ओरखड्यांतील लोखंडच झिजतें. म्हणून टाकलेला डबा थोड्याच दिवसांत भोंकांनीं भरतो. जस्ताच्या पत्र्यावर तसाच ओरखडा पडला तर भोंवतालचें जस्त त्याकरितां झिजतें. मात्र हें रक्षण कांहीं मिलिमीटर रुंदीपुरतेंच पोंचतें. स्क्रूचें भोंक, कापलेली कड, खरचटा, एवढें तें सांभाळतें. वेल्डिंगमध्यें बोटभर पट्टा जळून गेला तर त्याच्या मध्यभागीं तें पोंचत नाहीं.

हा मुलामा किती दिवस पुरेल याचा हिशेब करतां येतो. चांगल्या पत्र्यावर दर चौरस मीटरास दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त असतें, म्हणजे एका बाजूस सुमारें २० मायक्रॉन. एक मिलिमीटराचा पन्नासावा भाग. कोरड्या प्रदेशांतील स्वच्छ हवेंत जस्त वर्षास अर्धा मायक्रॉन झिजतें असें धरलें तर हा थर चाळीस वर्षें जाईल. खाऱ्या वाऱ्याच्या गांवीं झीज वर्षास चार मायक्रॉन असली तर पांच वर्षांतच तो संपेल. स्वस्त पत्र्यावर १२० ग्रॅमच जस्त असतें. त्याचें आयुष्य निम्म्याहूनही कमी. म्हणून विकत घेतांना पत्र्याची जाडी विचारून थांबूं नये, जस्ताचें वजनही विचारावें. जाडी लोखंडाची, आयुष्य जस्ताचें.

जस्तास दीर्घायुष्य मिळतें तें हवेमुळेंच. पावसानें भिजून मग वाऱ्यानें वाळत गेलें म्हणजे हवेंतील कर्बाम्ल वायूच्या योगें त्यावर एक घट्ट करडा थर बसतो व झीज मंदावते. नवे पत्रे पावसाळ्यांत एकावर एक रचून ठेविले तर मधल्या फटींत पाणी राहतें व हवा पोंचत नाहीं. तेथें तो थर न बसतां पांढरी भुकटी उठते व छपरावर चढण्यापूर्वींच मुलामा खाल्ला जातो. पत्रे तिरपे उभे करून मधें लांकडी पट्ट्या घालाव्या. शेणाचा उकिरडा व गोमूत्राची ओल यांतील अमोनियाही जस्तास खातो. म्हणून गोठ्याच्या भिंतीचा पत्रा जमिनीपासून वीतभर वर ठेवावा.

छपरावर नजर ठेवतांना रंग पहावा. करडा रंग ठीक. मळकट काळसर डाग म्हणजे जस्त पातळ झालें. तांबडे ओघळ दिसूं लागले कीं तेथील जस्त संपलें. अशा जागीं तारेच्या ब्रशानें चकाकेपर्यंत घासून जस्ताची भुकटी भरपूर असलेला रंग द्यावा. सुकल्यावर त्यांत वजनानें चारपंचमांशांहून अधिक जस्त राहिलें पाहिजे, कारण कण एकमेकांस व लोखंडास टेकले तरच वीज वाहते. गंजावरच किंवा जुन्या तेलरंगावर तो लाविला तर हा संबंध जुळत नाहीं. बाजारांतील रुपेरी रंग दिसावयास तसाच असतो, पण तो बहुधा ॲल्युमिनियमच्या भुकटीचा असून तेलानें वेढलेला असतो. त्यानें पाणी अडतें, इतकेंच.