उताऱ्याबाहेरचे खरे

चि. मृणाल हिस,


राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सी-सॅटमध्ये अर्थशास्त्राचा किंवा विज्ञानाचा जड उतारा आला की विषयाचा अभ्यास कमी पडल्यासारखे वाटते, असे तू लिहिलेस. मला वाटते, अशा उताऱ्यांत अज्ञानापेक्षा अर्धवट ओळखीचे ज्ञानच जास्त घात करते. समज, उतारा असा आहे: ‘पावसाअभावी भाज्या महागल्या, तर व्याजदर वाढवून त्यांचा पुरवठा वाढत नाही. म्हणून मध्यवर्ती बँक अशी तात्पुरती महागाई सहसा सोसते. मात्र ती लांबली, तर पुढेही सारे महागच होणार असे लोक धरून चालतात, वेतनवाढ मागतात आणि महागाई इतर वस्तूंत पसरते. तेव्हा बँकेला स्वस्थ बसता येत नाही.’ आता निष्कर्षाचे चार पर्याय बघ. व्याजदर वाढले की भाज्या स्वस्त होतात, हा पहिला. तो उताऱ्याच्या उलट आहे. भाज्यांच्या महागाईकडे बँकेने कधीच लक्ष देऊ नये, हा दुसरा. ‘सहसा’चे ‘कधीच’ झाले, तिथेच तो बाद. रिझर्व्ह बँकेचे महागाईचे लक्ष्य 4 टक्के आहे, हा तिसरा. महागाई किती टिकते यावर बँकेची भूमिका ठरते, हा चौथा आणि तोच बरोबर. अभ्यासू मुले फसतात ती तिसऱ्यावर, कारण ते विधान खरे आहे. पण उताऱ्यात ते कुठेच नाही.

म्हणून पहिल्या वाचनात संज्ञांवर अडू नकोस. ‘म्हणून’, ‘मात्र’, ‘तर’, ‘तेव्हा’ या सांध्यांखाली रेघ मार. युक्तिवाद कुठे वळतो ते तिथे कळते. वरच्या उताऱ्याचे सगळे उत्तर ‘मात्र’नंतर आहे. विज्ञानाच्या उताऱ्यात एखाद्या विकराचे अवघड नाव आले, तर ते नुसते नाव समज आणि ते कशामुळे वाढते, कशाला रोखते एवढेच धर.

तू म्हणशील, मग विषय वाचायचाच कशाला? वाचायचा, कारण रेपो दर म्हणजे काय हे ठाऊक असले की वाक्य एका वाचनात समजते. ज्ञानाने वाचनाचा वेग वाढू दे; उत्तर मात्र उताऱ्यालाच ठरवू दे. दुसरा आक्षेप वेळेचा. 120 मिनिटांत 80 प्रश्न म्हणजे प्रत्येकी दीड मिनिट, हे खरे. पण एका उताऱ्यावर अनेक प्रश्न असतात. सांधे एकदा नीट कळले की पुन्हा पुन्हा मागे जावे लागत नाही. शिवाय चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो, त्यामुळे घाईचे उत्तर दुहेरी महाग पडते.

सरावात उत्तर चुकले की एकच तपासणी कर. निवडलेल्या पर्यायाला आधार देणारे वाक्य उताऱ्यात बोटाने दाखव. वाक्य सापडले, तर चूक समजण्यात आहे. नाही सापडले, तर उत्तर तू बाहेरून आणलेस. दोन्ही चुकांची नोंद वहीत वेगवेगळ्या रकान्यांत ठेव आणि दुसरा रकाना रिकामा होईपर्यंत नवे पुस्तक उघडू नकोस.

तुझा,
काका