मुद्रणयंत्राचे दोन दरवाजे

अमरावती वा अकोला येथील एखाद्या कार्यालयात छपाई, स्कॅनिंग आणि झेरॉक्स ही तिन्ही कामे करणारे यंत्र संगणकांच्या जाळ्याला जोडलेले आहे, असे समजू. त्याचा पत्ता, उदाहरणार्थ 192.168.1.50, ब्राउझरमध्ये टाकला की यंत्राच्या व्यवस्थेचे पान उघडते. कारखान्यातून आलेला प्रशासकाचा पासवर्ड अनेकदा माहितीपुस्तिकेतच छापलेला असतो. तो तसाच ठेवल्यास परका मनुष्य आत शिरून स्कॅन केलेले कागद आपल्याकडे वळवू शकतो. म्हणून प्रथम तो बदलावा.

परंतु एवढ्याने भागत नाही. 9100 क्रमांकाच्या पोर्टवर आलेला मजकूर यंत्र सहसा पासवर्ड न विचारताच छापते. नोव्हेंबर 2018 मध्ये इंटरनेटवर उघड्या असलेल्या सुमारे 50,000 यंत्रांवर आपला संदेश पाठविल्याचा दावा एका व्यक्तीने केला होता. मार्ग हाच होता. कार्यालयाची छपाई याच पोर्टने होत असेल तर तो बंद करता येत नाही. अशा वेळी यंत्रात केवळ कार्यालयातील संगणकांच्या पत्त्यांना परवानगी द्यावी. त्यात स्वतःच्या संगणकाचा पत्ता आधी नोंदवावा, अन्यथा व्यवस्थेचे पान आपल्यालाच उघडणार नाही. वापरात नसलेल्या टेलनेट व एफटीपी या सेवा बंद कराव्यात.

एसएनएमपी सेवा बंद केल्यावर विंडोजमध्ये यंत्र ‘ऑफलाइन’ दिसू शकते. तो बिघाड नव्हे. संगणकावरील पोर्टच्या मांडणीतील `SNMP Status Enabled` यापुढील खूण काढावी.

शेवटी यादीबाहेरील संगणकावरून छपाईची आज्ञा द्यावी. कागद निघाल्यास दुसरा दरवाजा अद्याप उघडा आहे, असे समजावे.