‘सर, हे येत नाही’

प्रश्न : दहावीतली मुलगी शंकेचा फोटो सरांना पाठवते, पण सर उलट प्रश्नच विचारतात. तिचं काय चुकतं?

उत्तर : गणिताच्या एका शिक्षकांनी वर्गासाठी लिहिलेल्या चिठ्ठीत याचं उत्तर सापडतं. त्यांच्याकडे अख्ख्या पानाचा फोटो आला होता, खाली एकच ओळ: ‘सर, हे येत नाही.’ पानावर सहा उदाहरणं. ‘हे’ म्हणजे नेमकं कोणतं?

दुसऱ्या फोटोत एकच उदाहरण होतं, 2x² − 7x + 3 = 0, आणि त्याखाली मुलाने स्वतः केलेल्या पायऱ्या. सोबत प्रश्न: ‘तिसऱ्या ओळीत b² − 4ac ची किंमत −73 आली, म्हणजे वास्तव मुळं नाहीत. पुस्तकात 3 आणि 1/2 आहेत. माझं कुठे चुकलं?’ सरांना चूक लगेच दिसली. मुलाने b² म्हणून −49 लिहिलं होतं. कंस न देता −7² टाइप केलं, की बरेच कॅल्क्युलेटरही हेच दाखवतात. (−7)² म्हणजे 49. त्यातून 24 गेले, 25 उरले. मग मुळं (7 ± 5)/4, म्हणजे 3 आणि 1/2.

नुसतं उदाहरण आलं असतं, तर सरांनी ते पूर्ण सोडवून दिलं असतं आणि कंसाची चूक तशीच राहिली असती. म्हणून खोडलेली ओळही फोटोत हवी.

फोटो काढताना मोबाइल पानाला समांतर धरावा, हाताची सावली टाळावी. पेन्सिलीचं फिकट वजाचिन्ह सावलीत हमखास हरवतं, आणि इथे तर सगळी भानगड वजाचिन्हाचीच!