घड विकला की घड विकले?

ताईंनो, गटाच्या रजिस्टरात "केळीचा घड विकला" लिहिलं तर एकच घड गेला. "घड विकले" लिहिलं तर अनेक. 'घड' शब्द दोन्हीकडे तसाच राहतो, बैल, हात, दगड यांसारखा. एक की अनेक, हे क्रियापद सांगतं.

प्रत्यय लागला की अनुस्वार बघा: घडाचे पैसे एकाचे, घडांचे पैसे अनेकांचे. ते टिंब सुटलं की हिशोबात वाद होतो. म्हणून आकडाही लिहा: "१२ घड विकले."

काही शब्द मात्र कायम अनेकवचनीच असतात: डोहाळे लागले, पोराला कांजिण्या आल्या. "कांजिणी आली" असं कुणी म्हणत नाही. आपली कात्री एक असली की एकवचनी. इंग्रजीत मात्र एका कात्रीलाही अनेकवचनच लावतात.