प्रेक्षक आणि विद्यार्थी यांमधील पायरी

एखाद्या शिक्षकाचे पाठ हजारो मुले पाहतात. शिकवणीला मात्र कोणीच येत नाही. दोष पाठाचाच असतो असे नव्हे. पुष्कळदा पुढे काय करावयाचे हे पाहणाऱ्याला नेमके कळलेले नसते.

समजा, जयपूरमधील एक शिक्षक यूट्यूबवर अकरावीचे रसायनशास्त्र शिकवितात. मोल संकल्पनेवरील त्यांचा पाठ बारा मिनिटांचा आहे. अखेरीस 'धन्यवाद' म्हणून ते चॅनेलचे सदस्य व्हा, मित्रांना कळवा, शिकवणीसाठी फोन करा, अशा तीन विनंत्या करतात. निरोपाचा शब्द ऐकताच बरेच प्रेक्षक निघून जातात. चॅनेलच्या आकडेवारीत प्रेक्षक किती वेळ टिकले याचा आलेख मिळतो; तो तेथे एकदम कोसळलेला दिसेल.

विनंती एकच असावी, आणि अडचण सुटल्याच्या क्षणी असावी. ग्रॅमचे मोल न करताच गुणोत्तर मांडण्याची नेहमीची चूक नवव्या मिनिटाला उलगडली, की शिक्षकांनी म्हणावे : "अशी तीन उदाहरणे खाली दिली आहेत. ती सोडवून वहीचे छायाचित्र पाठवा. चूक कोठे होते ते मी एकदा विनामूल्य कळवीन. शिकवणीचे नंतर घरी विचारून ठरवा." एवढे बोलून पाठ पुढे न्यावा.

यातील शेवटचे वाक्य केवळ सौजन्याचे नाही. पाठ पाहतो विद्यार्थी, पण शुल्क देतात पालक. म्हणून दुव्यावर उघडणाऱ्या पानावर शिकवणीची वेळ, तुकडीतील संख्या आणि मासिक शुल्क स्पष्ट लिहावे. शुल्क न लिहिता नुसते 'संपर्क साधा' म्हटले, की फोन केल्यावर गळ घातली जाईल या धास्तीने पालक फोनच करीत नाहीत. दुवा वर्णनाच्या पहिल्या ओळीत हवा, कारण उरलेला मजकूर उघडल्याखेरीज दिसत नाही. 'शॉर्ट्स'च्या वर्णनातील व प्रतिसादांतील दुवे 2023 पासून दाबून उघडत नाहीत; तेथून मोठ्या पाठाकडेच वळवावे.

महिनाअखेर मोजणी करावी. हजार प्रेक्षकांपैकी दोघांनीच दुवा उघडला, तर विनंतीचे शब्द किंवा जागा चुकली. चाळीस जणांनी उघडला, बारा जणांनी वह्या पाठविल्या आणि तरीही एकही प्रवेश झाला नाही, तर विनंतीला हात लावू नये. शुल्क, वेळ किंवा तपासणीची पद्धत पाहावी.

एका वहीला दहा मिनिटे धरली, तर बारा वह्यांना दोन तास लागतात. तेव्हा आठवड्याला किती वह्या घेणार हे आधीच सांगावे आणि ती संख्या भरताच पुढच्या आठवड्याची तारीख द्यावी. 'दोनच जागा शिल्लक' ही खोटी घाई मात्र करू नये. तेच वाक्य पुढच्या महिन्याच्या पाठातही तोच विद्यार्थी ऐकत असतो.