अकरा ते एक दहा

पालकहो, दहावीच्या मुलीला घरी बीजगणिताची जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला बसवणार असाल, तर सकाळी अकरालाच बसवा. बोर्डाचा पेपर त्याच वेळी सुरू होतो. ४० गुण, दोन तास आणि शेवटी दहा मिनिटं वाढीव. ठाणे-कल्याण पट्ट्यातले आपण आठवडाभर लोकलमध्ये असतो, म्हणून रविवारच हाती उरतो. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या घरात तेव्हा नेमक्या कुकरच्या शिट्ट्या चालू असतात. चालू द्या, परीक्षेच्या वर्गातही पुरवणीसाठी हाका ऐकू येतातच. मोबाइल मात्र बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा.

प्रश्नपत्रिका २०२३ किंवा त्यानंतरची घ्या. २०२१ साली परीक्षाच झाली नाही आणि २०२२चा पेपर कमी केलेल्या अभ्यासक्रमावर होता, त्यामुळे त्यातले गुण फसवे निघतात.

एक दहा झाले की जिथे पेन असेल तिथे आडवी रेघ. राहिलेलं नंतर हिरव्या पेनाने सोडवू द्या, पण ते गुण वेगळे मोजायचे.

खरी कसोटी तपासताना लागते. समजा, दोन गुणांचं उदाहरण आहे: x² + 8x − 48 = 0. मुलीने (x + 12)(x − 4) = 0 इथपर्यंत बरोबर आणलं आणि खाली लिहिलं, x = 12 किंवा x = 4. तपासताना ती म्हणते, ‘हे तर येतं मला, नुसतं चिन्ह चुकलं,’ आणि दोन गुण देऊन टाकते. पायरीला गुण असतात, म्हणून शून्य देणंही चूकच. अवयव बरोबर आहेत, एक मूळ चुकलं, तर दीड द्यावा आणि समासात ‘चिन्ह’ असं लिहावं. मग 12 ही किंमत समीकरणात घालून बघायला सांगा. उत्तर 192 येतं, शून्य नाही. हा पडताळा पेपरातच घेतला असता तर अर्धा गुण वाचला असता.

मुलं स्वतःला गुण वाढवून देतात ती बहुतेकदा आपल्याला घाबरून. आकडा ऐकताच आपला चेहरा पडला, तर पुढच्या रविवारी तो आकडा खरा नसेल. म्हणून ‘किती पडले?’ याआधी ‘हिरव्यात किती?’ असं विचारा. समजा रेघेच्या वर २३ आणि हिरव्यात ७ आहेत. म्हणजे येत होतं, वेळ पुरला नाही. मग तो गेला कुठे? पुढच्या वेळी प्रत्येक प्रश्न संपला की समासात घड्याळातली वेळ लिहायला सांगा. बारा गुणांच्या दुसऱ्या प्रश्नाला पाऊण तासाच्या पुढे वेळ गेला असेल, तर आठ गुणांचा चौथा प्रश्न हिरव्यात का गेला ते तिचं तिलाच दिसेल.