सकाळचा घोट : सवय की शरीराची गरज?

हुपरीचे एक चांदी कारागीर काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात आले होते. वय ४२. पैंजणाला बारीक घुंगरू जोडायचे त्यांचे काम. म्हणजे हात स्थिर असेल तरच पोट भरणार. त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत सांगतो.

"साहेब, सकाळी उठलं की हात थरथरत्यात. चहाची बशी धरवत न्हाई. नव्वदी पोटात गेली की अर्ध्या तासात हात लोखंडागत घट्ट. मग दिवसभर काम झकास. नुसती सवय लागलीया, दुसरं काय न्हाई."

रात्री ते दोन क्वार्टर घेत. सकाळची नव्वदी गेल्या वर्षभरात सुरू झाली होती. मी त्यांना जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले आणि 'मनावर घ्या, सवय सोडा' असे सांगून घरी पाठवले. त्यांनी 'सवय' म्हटले आणि मीही ते मान्य केले. तिथेच माझी चूक झाली. ती कशी, हे समजले तर वाचकांपैकी एखाद्या घरावरचा प्रसंग टळेल, म्हणून आजचा लेख.

सवय कशाला म्हणायचे?

आपल्या कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणारी मंडळी आहेत. रोज पहाटे रंकाळ्यावर फेरी मारणारे आहेत. ही झाली सवय. एखादे दिवशी पावसाने फेरी चुकली तर चुकल्याचुकल्यासारखे वाटते, क्वचित चिडचिड होते. पण म्हणून कोणाच्या अंगाला दरदरून घाम सुटत नाही, छाती धडधडत नाही, हात कापत नाहीत. सवय मोडली तर मन कुरकुरते, शरीर आजारी पडत नाही.

आमच्या कारागिरांचे शरीर मात्र रोज सकाळी आजारी पडत होते. दारू हाच त्या आजारावरचा उतारा होता आणि आजाराचे कारणही दारूच होती. वैद्यकात याला शारीरिक अवलंबित्व म्हणतात.

हात कापतात, पण दोष हाताचा नाही

आपल्या मेंदूत चेतना वाढवणारी आणि ती आवरणारी अशी दोन प्रकारची रसायने असतात. मोटारीचा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक म्हणा. दारू मेंदूचा ब्रेक दाबते आणि ॲक्सिलरेटर ढिला करते. म्हणून पिणाऱ्याला सैल वाटते, झोप येते.

पण रोज भरपूर दारू येऊ लागली की मेंदू स्वस्थ बसत नाही. दारूच्या ओझ्याखालीही कामकाज चालावे म्हणून तो आपला स्वतःचा ब्रेक ढिला करतो आणि ॲक्सिलरेटर जास्त दाबून धरतो. काही महिन्यांत, वर्षांत हीच त्याची नेहमीची घडी होऊन बसते. पूर्वी एका क्वार्टरमध्ये झिंगणारा माणूस दोन रिचवूनही सरळ चालतो, तो यामुळेच. लोक त्याला 'पचते' म्हणतात. खरे तर ही बदललेल्या मेंदूची खूण असते.

आता रात्रीचा हिशेब पाहू. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. तिच्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येते. यकृत तासाला सरासरी ७ ते १० ग्रॅमच निकालात काढते. रोज पिणाऱ्याचे यकृत काहीसे अधिक वेगाने काम करते. रात्री दहाला शेवटचा घोट घेऊन माणूस झोपला की रक्तातली दारू तासातासाने उतरत जाते. पहाटेपर्यंत बाहेरून दाबलेला ब्रेक बराचसा सुटलेला असतो. मेंदूचा स्वतःचा ब्रेक ढिलाच असतो आणि ॲक्सिलरेटर तसाच दाबलेला. मग हात कापतात, घाम येतो, नाडी पळते, कोरड्या ओकाऱ्या येतात, जीव घाबरा होतो. दारू पूर्ण उतरण्याआधीही हे सुरू होऊ शकते. अशा वेळी नव्वदी घेतली की ब्रेक पुन्हा दाबला जातो आणि हात थांबतो. हात बळकट झालेला नसतो. थरथर फक्त काही तास पुढे ढकललेली असते.

हा मनाचा खेळ नाही, याचा पुरावा जुना आहे. १९५५ साली अमेरिकेत इसबेल आणि सहकाऱ्यांनी दहा माणसांना देखरेखीखाली, चांगला आहार देऊन रोज भरपूर दारू पाजली आणि मग ती एकदम बंद केली. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. ज्यांचे पिणे थोड्या दिवसांत थांबले त्यांना त्रास कमी झाला. जे सात आठवडे किंवा त्याहून अधिक काळ पीत राहिले, त्यांना कंप सुटला, आणि त्यांच्यापैकी काहींना फिट आली, भ्रम झाला. खाण्यापिण्याची आबाळ नव्हती, तरीही हे घडले. दारू थांबणे हेच कारण होते.

माळ घातली, आणि तिसरी रात्र आली

आता पुन्हा हुपरीकडे येऊ. माझा उपदेश ऐकून कारागीर घरी गेले. घरच्यांनी ज्योतिबाची शपथ घातली, गळ्यात माळ घातली आणि त्यांनी त्या दिवसापासून थेंबालाही शिवायचे नाही असे ठरवले. माणूस शब्दाचा पक्का होता. पहिल्या दिवशी हात थरथरले, जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी घाम, धडधड, झोप नाही. घरच्यांना वाटले, दोन दिवस सोसले की सुटेल.

तिसऱ्या रात्री ते उठून बसले. भिंतीवर किडे चालताहेत म्हणून झटकू लागले. बायकोला ओळखेनात. मग अंथरुणावर मांडी घालून, हातात काही नसताना, चिमटीने घुंगरू उचलावेत आणि तारेत ओवावेत तसे करू लागले. तासभर हेच चालले होते. शेजारी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. सुदैवाने त्यांच्या मेहुण्याने पहाटे जीप काढली.

ही बाधा नव्हे. दारू एकदम तुटल्याने होणारा हा भ्रम आहे. रोग्याने हवेतच आपले नेहमीचे काम करत राहणे हे त्याचे जुने, ओळखीचे लक्षण आहे. त्याचे वेळापत्रकही ठरलेले असते. शेवटच्या घोटानंतर ६ ते ८ तासांत कंप सुरू होतो. फिट यायची तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. भ्रम बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात होतो आणि सोबत ताप व जोरात पळणारी नाडी असते. उपचार न मिळाल्यास तो जिवावर बेततो. दोन दिवस बरे गेले म्हणून निर्धास्त राहू नये, ते यासाठीच.

कारागीर पाच दिवस रुग्णालयात राहून बरे झाले. सकाळच्या घोटाचा अर्थ मी पहिल्याच दिवशी ओळखला असता, तर ती रात्र टळली असती.

ओळखावे कसे?

अमेरिकेतील डॉ. युइंग यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेले चार साधे प्रश्न जगभर विचारले जातात. पिणे कमी करावे असे कधी वाटले का, लोकांच्या बोलण्याचा राग आला का, पिण्याबद्दल अपराधी वाटले का, हे पहिले तीन. चौथा प्रश्न असा : हात स्थिर करायला किंवा डोके उतरवायला सकाळी उठल्याउठल्या कधी घेतली का? पहिले तीन प्रश्न मनाला विचारलेले आहेत. चौथ्याचे उत्तर शरीर देते, म्हणून त्या उत्तराला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो.

येथे एक सावधगिरी हवी. हात कापणारा प्रत्येक जण दारूवर अवलंबून नसतो. थायरॉइड वाढल्यानेही हात कापतात. काही घराण्यांत पिढीजात कंप असतो आणि गंमत अशी की थोड्या दारूने तोही तात्पुरता कमी होतो. पण हा कंप वर्षानुवर्षे, दिवसभर, न पिणाऱ्यालाही असतो, आणि त्याच्यासोबत घाम, ओकाऱ्या, घबराट नसते. तसेच लग्नात एकदाच अतोनात प्यालेल्याचा हात दुसऱ्या दिवशी कापला म्हणजे लगेच अवलंबित्व आले असे नाही. रोज पिणारा, झोपून उठल्यावर कंप आणि घोट घेतल्यावर आराम, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की मात्र शंका धरू नये.

मग करायचे काय?

असा माणूस घरात असेल तर त्याला कोंडून, शपथ घालून एका दिवसात दारू तोडायला लावू नका. आधी डॉक्टरकडे न्या आणि तोवर पिणे एकदम बंद न करता आवरते घ्या. शपथ घ्यायची तर ती डॉक्टरकडे जाण्याची घ्यावी. शेवटचा घोट केव्हा आणि किती, सकाळी लागते का, पूर्वी कधी फिट किंवा भ्रम झाला होता का, हे घरच्यांनी लाज न बाळगता सांगावे. हाड मोडले किंवा शस्त्रक्रिया ठरली म्हणून दाखल होतानाही हे सांगावे. रुग्णालयातही दारू तुटतेच, आणि तिसरी रात्र तिथेही येते.

डॉक्टर मेंदूचा तोच ब्रेक हळुवार धरून ठेवणारे औषध, बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड, देतात आणि सुमारे आठवडाभरात ते उतरवत नेऊन बंद करतात. यकृत खराब असेल तर औषध बदलावे लागते. ही गोळी दुकानातून आणून स्वतःच घेऊ नये. दारूवर घेतली तर श्वास मंदावतो. सोबत बी-१ हे जीवनसत्त्व द्यावे लागते. अशक्तपणा आला म्हणून आधी नुसते ग्लुकोजचे सलाईन लावण्याचा आग्रह धरू नका. बी-१ अगोदरच कमी असताना त्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. फिट, भ्रम किंवा ताप दिसला तर मात्र वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात न्यावे.

एवढ्याने शरीराचे अवलंबित्व सुटते, मनाची ओढ राहते. तिच्यासाठी पुढे महिनोन्महिने आधार लागतो. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत तो मिळतो. विचारपूस करायची तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे.

आमचे कारागीर वर्षभरात एकदा घसरले. त्या वेळी पुन्हा सकाळचा कंप सुरू झाला तसे ते स्वतःच दवाखान्यात आले. आत येताच म्हणाले, "साहेब, सवय न्हाई, दुखणं परत आलंय." त्या वेळी तिसरी रात्र आली नाही.